काळ्या पिशव्यांतली रोकड आणि तीन ओळींचा शेरा: बँकांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
बँकांच्या संचालक मंडळांचे सदस्य आणि कम्प्लायन्स प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी १९ वर्षे बँकेत काढली. पहिली ७ कॅश काउंटरवर आणि पुढची १२ अलर्टच्या टेबलावर. संगणकाला एखाद्या खात्यात काही वावगे वाटले की तो अलर्ट काढतो. आम्ही तो उघडायचा, खाते चाळायचे, शेरा लिहायचा आणि एक तर संशयास्पद व्यवहार म्हणून वर पाठवायचा, नाही तर बंद करायचा. मी हजारो बंद केले. त्यातला एक मी चुकीने बंद केला, हे मला पक्के ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

हे पत्र दंड किती मोठे असतात हे सांगण्यासाठी नाही. ते आकडे तुमच्या प्रत्येक बैठकीच्या सादरीकरणात असतातच. ग्राहकाने खाते उघडताना सांगितलेली माहिती आणि काउंटरवरच्या माणसाला दिसलेली गोष्ट, या दोन्ही तुमच्याकडे असतात आणि तरी एकमेकींना भेटत नाहीत. का भेटत नाहीत, ते एका खटल्याच्या आधाराने सांगायचे आहे. खटला इंग्लंडमधला आहे, पण त्यातले टेबल, त्यातले शेरे आणि त्यातली टाळाटाळ कुठल्याही देशातल्या बँकवाल्याला ओळखीची वाटेल.

१३ डिसेंबर २०२१ रोजी लंडनच्या साउथवर्क क्राउन कोर्टाने नॅटवेस्ट बँकेला सुमारे २६ कोटी ४८ लाख पौंड दंड केला. बँकेने गुन्हा कबूल केला होता म्हणून एक तृतीयांश सूट मिळाली, नाही तर आकडा आणखी मोठा असता. तिथल्या २००७च्या मनी लाँडरिंग नियमांखाली एफसीए या नियामक संस्थेने एखाद्या बँकेवर फौजदारी खटला भरण्याची ती पहिलीच वेळ होती. बँकेने पैसे धुतले असा आरोप नव्हता. एका ग्राहकावर जेवढी नजर ठेवायला हवी होती तेवढी ठेवली नाही, एवढाच होता.

तो ग्राहक म्हणजे ब्रॅडफर्डची सोन्याचांदीचा व्यवहार करणारी फाउलर ओल्डफील्ड ही कंपनी. खाते उघडताना वार्षिक उलाढालीचा अंदाज दीड कोटी पौंड असा नोंदवला गेला, आणि या खात्यात बँक रोख रक्कम हाताळणार नाही असेही ठरले होते. दोन्ही गोष्टी बँकेच्या स्वतःच्या कागदांत होत्या. पुढे त्या खात्यात एकूण ३६.५ कोटी पौंड आले आणि त्यातले २६.४ कोटी रोख होते. ऐन भरात असताना दिवसाला १८ लाख पौंडांपर्यंत रोकड भरली जात होती.

आता साधा हिशेब करा. दिवसाला १८ लाख म्हणजे वर्षभराचा सांगितलेला धंदा ९ दिवसांच्या आत पुरा होतो. संबंध ५ वर्षांचा धरला तरी सांगितलेल्या दराने साडेसात कोटी व्हायला हवे होते. आले त्याच्या जवळजवळ पाचपट. यासाठी ना महागडी प्रणाली लागते ना तज्ज्ञ. कोणीतरी पहिल्या दिवसाचा फॉर्म आणि आजचा उतारा शेजारी शेजारी ठेवायला हवा होता.

आपल्याकडे केवायसी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कागद: ओळखपत्र, पत्ता, फोटो, सही. तो भाग आपण चोख करतो, कधीकधी अति करतो. निवृत्त मास्तरांचे खाते पत्त्याच्या जुन्या पुराव्यासाठी गोठवलेले मी पाहिले आहे. पण माणूस तोच आहे हे पटवणे ही केवायसीची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी म्हणजे हा माणूस या खात्यात काय करणार आहे याची अपेक्षा लिहून ठेवणे, आणि तिसरी म्हणजे तो खरोखर तेच करतो आहे का हे पाहत राहणे. एफएटीएफ, म्हणजे १९८९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय कृती गट, त्याच्या शिफारशींत ही तिसरी पायरी स्पष्ट लिहिलेली आहे. व्यवहार ग्राहकाबद्दलच्या आपल्या माहितीशी, त्याच्या धंद्याशी आणि जोखमीशी जुळतात का हे सतत तपासत राहा, असे ती सांगते. प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीचा आकडा एका रकान्यात भरला जातो आणि तिथेच मरतो. अलर्टच्या टेबलावर बसणाऱ्याला तो पडद्यावर दिसतसुद्धा नाही. निदान मला १२ वर्षांत दिसला नाही. हवा असेल तर शाखेला मेल टाकून फाइल मागवावी लागे.

मग अलर्ट कशाच्या आधारावर निघतो? बहुतेक ठिकाणी खात्याच्या स्वतःच्या इतिहासावर. गेल्या काही महिन्यांच्या सरासरीपेक्षा अमुक पट जास्त रक्कम आली की घंटा वाजते. यातली खोच लबाड माणसाला तुमच्याआधी कळते. या महिन्यात थोडे वाढवायचे, पुढच्या महिन्यात आणखी थोडे. घंटा एकदोनदा वाजते, कोणीतरी ‘धंदा वाढतो आहे’ असा शेरा मारून बंद करतो, आणि वाढलेली सरासरीच नवे ‘नेहमीचे’ होऊन बसते. वर्षभराने तेच खाते दहापट रोकड भरत असते आणि संगणकाच्या लेखी सगळे सुरळीत असते. ग्राहकाने सांगितलेला आकडा मोजपट्टी म्हणून वापरला असता तर ही पट्टी ताणता आली नसती.

नॅटवेस्टच्या बाबतीत यापुढची दोन भोके होती. पहिले असे की कॅश सेंटरमधून थेट भरलेली काही रोकड त्यांची प्रणाली चेक म्हणून ओळखत होती. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण चेकसाठीचे नियम सौम्य असतात आणि त्याला कारण आहे. चेक कुठल्यातरी दुसऱ्या खात्यावरून आलेला असतो आणि त्या खात्याच्या मालकाची ओळख कोणीतरी पटवलेली असते. रोकडीला मागचा माग नसतो. रोकड चेकच्या रांगेत उभी राहिली की सगळ्यात कडक चाळणी आपोआप चुकते. हे भोक कित्येक वर्षे उघडे होते आणि ते एकाच ग्राहकापुरते नव्हते. दुसरे भोक माणसांनी पाडलेले. या ग्राहकाला सुरुवातीला ‘उच्च जोखीम’ श्रेणीत ठेवले होते. मध्यंतरी ती चुकीने ‘कमी’ केली गेली. श्रेणी खाली आली की फेरतपासणी लांबते आणि अलर्ट रांगेत मागे जातो. एका रकान्यातला बदल, पण त्याने पहारेकरीच घरी पाठवला.

तरीही मी या खटल्याला प्रणालीची चूक म्हणत नाही. कारण माणसांना दिसत होते.

वॉल्सॉलच्या शाखेत एकदा सुमारे ७ लाख पौंड कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून आणले गेले. कोर्टात सांगितले गेले ते असे की ओझ्याने पिशव्या फाटल्या, रोकड दुसऱ्या मजबूत पोत्यांत भरावी लागली आणि शाखेच्या जमिनीपासून छतापर्यंतच्या तिजोऱ्यांत ती मावेना. ज्याने काउंटरवर काम केले आहे त्याला हे दृश्य डोळ्यांसमोर येईल. ७ लाख म्हणजे सगळ्या २०च्या नोटा धरल्या तरी ३५,००० नोटा. त्या मोजायच्या, बंडले बांधायची, सील करायची. ज्या हातांनी ती बंडले बांधली त्यांना काही कळले नसेल असे कसे म्हणावे?

त्यांना कळले होते आणि त्यांनी ते कळवलेही. इंग्लंडभरच्या शाखांत स्कॉटिश नोटा मोठ्या प्रमाणात येत होत्या, नोटांना कुबट वास येत होता, पैसे भरायला येणाऱ्यांचे वागणे खटकणारे होते. रोकड हाताळणाऱ्या वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी या गोष्टी बँकेच्याच तपास करणाऱ्या लोकांपर्यंत पोचवल्या. योग्य ती कारवाई मात्र कधीच झाली नाही.

कुबट वास कुठल्याही प्रणालीच्या नियमात बसत नाही. साठवून, दडवून, दमट जागी ठेवलेल्या नोटांचा तो वास कॅशियरला नाकाने कळतो. दुकानाच्या गल्ल्यातून रोज येणारी रोकड आणि कुठेतरी साठलेली रोकड यांतला फरक हातालाही कळतो: गल्ल्यातल्या नोटा मिसळलेल्या, दुमडलेल्या, सगळ्या मूल्यांच्या असतात; दुसऱ्या प्रकारच्या एकाच मूल्याच्या, रबर लावून आधीच मोजलेल्या. मी काउंटरवर असताना आमचे हेड कॅशियर म्हणायचे, ‘बंडल उघडण्याआधी हुंग.’ आम्ही हसायचो. आता त्यांचे म्हणणे पटते.

आता माझ्या हातून झालेले.

मी अलर्टच्या टेबलावर असताना एका व्यापारी संस्थेचा अलर्ट माझ्याकडे आला. संस्थेचे आणि बँकेचे नाव सांगत नाही. रोख भरणा वाढला होता आणि तो रोज वेगवेगळ्या शाखांत होत होता. सोबत एका शाखेतल्या मुलीने लिहिलेली चिठ्ठी होती: पैसे भरायला दर वेळी नवा माणूस येतो आणि त्याला कंपनीचे नाव नीट सांगता येत नाही. मी खाते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला मेल टाकला. २० मिनिटांत उत्तर आले की हंगाम आहे, ग्राहक जुना आहे, काळजी नसावी. मी शेरा लिहिला: ‘संबंधित अधिकाऱ्याकडून खुलासा घेतला. वाढ हंगामी. व्यवसायाशी सुसंगत. बंद.’

त्या शेऱ्यात काय नाही ते बघा. मुलीच्या चिठ्ठीचा उल्लेख नाही. हंगामाचे म्हणणे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी मी ताडून पाहिले नाही. एका शहरातल्या धंद्याचे पैसे ५ शाखांत का भरले जातात, हा प्रश्न मी विचारला नाही. आणि खुलासा मागितला तो अशा माणसाकडे, ज्याचे वर्षाचे लक्ष्य त्याच ग्राहकावर अवलंबून होते. त्या दिवशी माझ्या रांगेत आणखी चाळीसेक अलर्ट होते आणि संध्याकाळी प्रलंबित अलर्टचा आकडा वर जायचा होता. कारण म्हणून हे सांगत नाही. हे टेबल असे चालते, तुमच्यापैकी बहुतेकांनी ते कधी पाहिलेले नसते, म्हणून सांगतो. काही महिन्यांनी तपास यंत्रणेकडून त्याच खात्याची माहिती मागणारे पत्र आले. त्या मुलीने त्यानंतर माझ्या माहितीत एकही चिठ्ठी पाठवली नाही. तिच्या पहिल्या चिठ्ठीचे काय झाले हे तिला कोणी सांगितले नव्हते.

सांगायला नको का, असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: गुप्तता. संशयाचा अहवाल दिला हे ग्राहकाला कळता कामा नये, हा नियम खरा आहे आणि कडक आहे. एफएटीएफच्या शिफारशींत तो आहे, आणि त्याच शिफारशीत सद्भावनेने अहवाल देणाऱ्याला संरक्षण द्यावे असेही आहे. पण ‘तुमची चिठ्ठी मिळाली, वाचली, आणखी काही दिसले तर त्याच क्रमांकावर जोडा’ एवढे आपल्याच कर्मचाऱ्याला कळवल्याने ग्राहक सावध होत नाही. या नियमाचा आडोसा घेऊन आपण आपल्याच माणसांना अंधारात ठेवतो, आणि काही दिवसांनी ती माणसे बघायचे सोडून देतात.

याच्या उलट टोकाचा रोगही मला माहीत आहे. दंडाच्या भीतीने काही बँका जे दिसेल ते सरकारी वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे ढकलतात. ‘खात्यात मोठ्या रकमेचे व्यवहार आढळले, सबब संशयास्पद’ अशा एका वाक्याच्या अहवालांचा ढीग तिथे पडतो. नियमाचे पालन झाल्याचा कागद तयार होतो, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चांगला अहवाल कसा असतो ते वरच्याच खटल्यावर दाखवतो. त्यातल्या माहितीवरून मी असा लिहिला असता:

‘ग्राहकाचा धंदा सोन्याचा. खाते उघडताना वार्षिक उलाढालीचा अंदाज दीड कोटी पौंड दिला होता आणि रोख भरणा होणार नाही असे ठरले होते. प्रत्यक्षात रोख भरणा दिवसाला १८ लाखांपर्यंत गेला आहे. रोकड अनेक शाखांत भरली जाते. एका शाखेत ती कचऱ्याच्या पिशव्यांतून आली. इंग्लंडमधल्या शाखांत स्कॉटिश नोटांचे प्रमाण मोठे आहे, त्याचे व्यावसायिक कारण दिसत नाही. नोटांना कुबट वास असल्याचे कॅश सेंटरने कळवले आहे. एवढी रोकड या धंद्यात कुठून येते याचा पटणारा पुरावा ग्राहकाने दिलेला नाही.’

यात गुन्हा सिद्ध केलेला नाही, तशी गरजही नाही. अहवालाला संशय पुरतो, फक्त तो कशावरून आला हे लिहावे लागते. आणि हा अहवाल एकटा संगणक लिहू शकत नाही हेही दिसेल. निम्मी वाक्ये फॉर्ममधून येतात आणि निम्मी काउंटरवरून.

शिक्षा सुनावताना न्यायमूर्तींनी साधारण असे म्हटले की बँक पैसे धुण्यात सामील नव्हती, पण तिच्याशिवाय आणि तिच्या ढिलाईशिवाय ते पैसे असे धुता आले नसते. याचा अर्थ मला अगदी व्यवहारातला दिसतो. पोत्यातल्या रोकडीने मोठी खरेदी करायला गेलात तर विकणारा दचकतो. तीच रक्कम एका नामांकित बँकेच्या खात्यातून आली की तो निर्धास्त होतो: बँकेने तपासलेच असेल. सोन्याचे व्यापारी, मालमत्तेचे दलाल, हिशेबनीस यांच्यावरही ग्राहक ओळखण्याची आणि संशय कळवण्याची जबाबदारी एफएटीएफच्या शिफारशींनी टाकलेली आहे, पण ते सगळे मनातून बँकेच्याच भरवशावर असतात. बँकेने दार सोडले की पुढच्या दारांवर सहसा कोणी थांबवत नाही.

दंड कोणी भरला हाही प्रश्न मला सतावतो. त्या वेळी नॅटवेस्टमध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा ब्रिटिश सरकारचा होता, म्हणजे मोठा वाटा फिरून करदात्यांच्याच खिशातून गेला. दंडाने बँक शहाणी होते हे मी पूर्णपणे मानत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टीडी बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल करून सुमारे ३०० कोटी डॉलर मोजले. तिथे जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२४ या काळात एकूण व्यवहारांच्या संख्येपैकी ९२ टक्के देखरेखीबाहेर होते, आणि कम्प्लायन्ससह सगळ्या खर्चाला वर्षानुवर्षे वाढू द्यायचे नाही हे बँकेचे धोरण होते. या दोन तारखांच्या दरम्यानच नॅटवेस्टचा निकाल आला आणि सगळ्या जगाच्या बँकांनी तो वाचला. ज्या टेबलावर खर्च करायचा नाही असे वर ठरलेले असते, तिथे खालच्या माणसाने कितीही मान खाली घालून काम केले तरी त्याचे शेरे तीन ओळींचेच राहणार.

म्हणून मागतो ते थोडे आहे. खाते उघडताना सांगितलेली उलाढाल आणि रोखीची अट अलर्ट उघडणाऱ्याच्या पडद्यावर, त्याच खिडकीत दिसू द्या, आणि ती ओलांडली की घंटा वाजू द्या, मग खात्याचा इतिहास काहीही सांगो. एकाच ग्राहकावर दुसरी चिठ्ठी आली तर ती पहिली बंद करणाऱ्याकडे देऊ नका. स्वतःचा शेरा खोडायला माणूस सहज तयार होत नाही, मीही झालो नसतो. खाते सांभाळणाऱ्याचा खुलासा जरूर घ्या, पण तो पुरावा म्हणून धरू नका. त्यासोबत बिले, करपत्रे, मालाची कागदपत्रे असे बाहेरचे काहीतरी असल्याशिवाय अलर्ट बंद करता येऊ नये. जोखीम श्रेणी खाली आणायची असेल तर आणणाऱ्याचे नाव आणि कारण नोंदले जावे, आणि दुसऱ्या कोणीतरी त्यावर सही करावी.

आणि पुढच्या बैठकीपूर्वी एक यादी मागवा. ज्यांच्याबद्दल आपल्याच कर्मचाऱ्यांनी गेल्या २ वर्षांत ३ किंवा अधिक वेळा संशय कळवला आणि ज्यांचे खाते आजही जसेच्या तसे चालू आहे, असे ग्राहक. यादी तयार करायला आठवड्यापेक्षा जास्त लागला, तर चिठ्ठ्या एकत्र ठेवल्याच जात नाहीत असे समजा. यादी आलीच तर वरच्या ५ ग्राहकांचा पहिल्या दिवसाचा फॉर्म, प्रत्येक चिठ्ठी आणि प्रत्येक शेरा बैठकीत मोठ्याने वाचायला सांगा. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी एखाद्या कॅशियरला बोलावता आले तर त्यालाही खुर्ची द्या.

कळावे,

आपला,
अलर्टच्या टेबलावरून निवृत्त झालेला एक तपासनीस